पाया सरकतो कसा?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एका परिचिताच्या घरामागे टेकडीचा उतार कापून अंगण काढले होते, आणि वरची माती खाली येऊ नये म्हणून दगडी संरक्षक भिंत बांधली होती. भिंतीच्या पायथ्याशी मुलांची शाळेत जाण्याची पायवाट होती. श्रावणातील एका सकाळी भिंतीवरच्या फरसबंदीला लांबच लांब चीर दिसली. चीर भिंतीला समांतर होती आणि तीत माझी चार बोटे सहज गेली. घरमालकांनी गवंड्यास बोलाविले. गवंड्याने ओळंबा सोडला आणि निश्चिंतपणे सांगितले, "साहेब, भिंत काटेकोर उभी आहे. एक दोराही झुकलेली नाही. काळजीचे कारण नाही." सर्वांस हायसे वाटले, मला मात्र वाटले नाही. भिंत झुकलेली नाही आणि तरीही तिच्यामागे चीर पडली आहे, याचा अर्थ एकच होता : ती जशीच्या तशी उभी राहून पुढे सरकली होती.

भिंत कोसळते ती ओणवी होऊन, अशी आपली सामान्य समजूत आहे. ओणवे होणे हा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार पाया जमिनीत रुतण्याचा, आणि तिसरा हा सरकण्याचा. बांधकामाशी संबंध असलेले लोकही या तिसऱ्याकडे दुर्लक्ष करतात, कारण तो ओळंब्यास दिसत नाही. उथळ पायाच्या बाबतीत हा धोका विशेष असतो. ज्याची खोली त्याच्या रुंदीहून फारशी अधिक नाही, तो पाया उथळ समजावा. असा पाया जमिनीत खोल रोवलेला नसून जमिनीवर बसविलेला असतो, आणि आडव्या रेट्यास तोंड देण्यासाठी त्याच्याजवळ मुख्यतः त्याचा तळच असतो. तळाशी दोन गोष्टी काम करतात : घर्षण आणि आसंजन, म्हणजे मातीचा चिकटून राहण्याचा गुण. या दोहोंतील भेद ज्यास उमगला, त्यास पुढचे सर्व सोपे आहे.

हा भेद विद्यार्थ्यांनी ऐकण्यापेक्षा हाताने करून पाहावा. दोन भाजलेल्या विटा घ्या आणि त्या रात्रभर पाण्यात भिजवून ठेवा. कोरडी वीट मातीतील पाणी शोषून घेते आणि प्रयोग फसतो. एका परातीत ओली वाळू सपाट पसरा. तीवर वीट आडवी ठेवून तिला दोरी बांधा व काटा लावून हलकेच ओढा. वीट तीन किलोची असेल तर दीड किलोच्या आसपास ओढ लागल्यावर ती हलेल. आता तीच वीट अरुंद बाजूवर उभी करून ओढा. तळाचे क्षेत्र कमी झाले, तरी ओढ जवळजवळ तेवढीच लागते. मग पहिल्या विटेवर दुसरी ठेवा; ओढ दुप्पट होते. घर्षण क्षेत्राकडे पाहत नाही, ते वजनाकडे पाहते. फ्रेंच पंडित आमाँताँ याने ही गोष्ट १६९९ साली मांडली.

यानंतर वाळू काढून परातीत मऊ, चिकट मातीचा पातळ थर द्या आणि त्यावर वीट किंचित दाबून लगेच ओढा. येथे सगळा न्याय उलटा होतो. विटेवर दुसरी वीट ठेवली तरी ओढ फारशी वाढत नाही. परंतु वीट अरुंद बाजूवर उभी केली की ओढ कमी होते, आणि क्षेत्र ज्या प्रमाणात घटले साधारण त्याच प्रमाणात कमी होते. आसंजन वजनाकडे पाहत नाही, ते क्षेत्राकडे पाहते.

"लगेच ओढा" असे जे म्हटले, त्यास कारण आहे. चिकणमातीच्या कणांमध्ये पाणी कोंडलेले असते व ते अतिशय सावकाश बाहेर पडते. वर वजन ठेवले की ते प्रथम मातीच्या कणांवर न पडता त्या कोंडलेल्या पाण्यावर पडते, आणि पाण्याच्या अंगी घर्षण नसते. महिन्या-महिन्यांनी, जाड थर असेल तर वर्षांनी, पाणी झिरपून जाते. मग कण एकमेकांवर बसतात आणि चिकणमातीतही वजनाच्या प्रमाणात घर्षण उत्पन्न होते. परंतु भिंतीमागे भराव घालण्याचे काम चार दिवसांत उरकते, आणि रेटा त्याच चार दिवसांत येतो. माती मुरायची थांबेल, रेटा थांबत नाही.

या दोन्ही गोष्टी एकाच हिशेबात बसविणारा पुरुष शार्ल ऑगस्तँ कुलोम. विद्युत्‌शास्त्रात त्याचे नाव विद्यार्थ्यांनी वाचलेच असेल; पण तो मूळचा लष्करी स्थापत्यकार. वेस्ट इंडीजमधील मार्तिनिक बेटावर त्याने अनेक वर्षे किल्ल्याचे बांधकाम केले, आणि त्या अनुभवावरून १७७३ साली पॅरिसच्या विज्ञानसभेपुढे एक निबंध ठेवला. तो १७७६ साली छापला गेला. त्यात त्याने मातीच्या प्रतिकाराचे दोन वाटे केले : एक दाबाच्या प्रमाणात वाढणारा, दुसरा क्षेत्राच्या प्रमाणात असणारा. पायाच्या तळाशी तेच लागू केले म्हणजे असे सूत्र मिळते :

सरकण्यास प्रतिकार = (तळावरील वजन × घर्षणांक) + (आसंजन × तळाचे क्षेत्र)

स्वच्छ वाळू किंवा भरड मुरूम असेल तर दुसरा वाटा शून्य धरावा. मऊ, पाण्याने भरलेली चिकणमाती असेल तर बांधकामाच्या वेळी पहिला वाटा शून्य धरावा. मधल्या प्रकारच्या मातीत दोन्ही असतात. पण त्यांची मापे जमिनीची परीक्षा करून घ्यावी लागतात, अंदाजाने नव्हे.

आता एक उदाहरण सोडवू. पालकांपैकी ज्यांना आकडेमोडीचा कंटाळा असेल त्यांनीही हे वाचावे, कारण यात बेरीज-गुणाकारापलीकडे काही नाही. तीन मीटर उंचीची दगडी भिंत घ्या. माथ्यावर तिची जाडी साठ सेंटीमीटर व तळाशी दीड मीटर आहे. मागची बाजू सरळ उभी, पुढची उतरती. सर्व हिशेब भिंतीच्या एक मीटर लांबीचा करावयाचा. दगडकामाचे वजन घनमीटरास २.४ टन धरले, तर भिंतीचे वजन सुमारे साडेसात टन होते. तिच्यामागे तीन मीटर कोरडा मुरूम भरला आहे. असा भराव स्वतःच्या वजनाचा काही अंश आडवा ढकलतो. नेहमीच्या मुरमास हा अंश एक तृतीयांश धरतात. तळाशी मुरमाचा उभा दाब चौरस मीटरास ५.४ टन, म्हणून आडवा दाब १.८ टन. माथ्याशी तो शून्य असतो. सरासरी ०.९ टन गुणिले उंची तीन मीटर, म्हणजे एकूण रेटा २.७ टन झाला.

भिंत भरड मुरमावर बसली आहे आणि तिचा तळ खडबडीत आहे असे समजू, घर्षणांक ०.५५ घेता येईल. साडेसात टनांस ०.५५ ने गुणिले असता ४.१ टन येतात. रेट्याच्या दीडपट प्रतिकार असावा अशी सर्वसाधारण रूढी आहे, ४.१ भागिले २.७ म्हणजे जेमतेम दीड. भिंत उत्तीर्ण झाली.

ही परीक्षा उन्हाळ्यात घेतली. आता पावसाळा येऊ द्या. भिंतीच्या अंगात पाणी जाण्यासाठी भोके ठेवलेली असतात. ती कोठे गवताने, कोठे मातीने बुजतात. आणि काही घरी तर भिंत दिसावयास चांगली दिसावी म्हणून गिलाव्याखाली ती चक्क लिंपून टाकतात. पाण्यास वाट उरली नाही आणि ते भरावात निम्म्या उंचीपर्यंत, म्हणजे दीड मीटर चढले, तर काय होते? पाण्यात बुडालेला मुरूम हलका होतो, म्हणून मातीचा रेटा थोडा कमी होऊन २.४ टनांवर येतो. परंतु पाणी स्वतः ढकलते. माती आपल्या वजनाचा तिसरा हिस्सा आडवा ढकलते, पाणी मात्र सगळेच्या सगळे. दीड मीटर पाण्याचा रेटा १.१ टन भरतो. एकूण रेटा ३.५ टन झाला.

येथवर बहुतेकांच्या लक्षात येते. पुढची गोष्ट निसटते. तेच पाणी भिंतीच्या तळाखाली शिरते आणि भिंतीस खालून वर उचलते. मागच्या कडेस पूर्ण दाब व पुढच्या कडेस शून्य असे धरले, तरी ही उचल १.१ टन होते. भिंतीचे वजन तेवढेच आहे, पण तळावर टेकलेले वजन आता ६.४ टनच राहिले. त्यास ०.५५ ने गुणा : ३.५ टन. रेटा ३.५ आणि प्रतिकारही ३.५! भिंतीत एक दगड कमी झालेला नाही, मागे एक टोपली मुरूम अधिक पडलेला नाही. तरी दीडपटीची सुरक्षितता संपूर्ण नाहीशी झाली. उलटण्यास मात्र या घडीस पुष्कळ अवकाश आहे. म्हणूनच आमच्या गवंड्याच्या ओळंब्यास काही दिसले नाही.

पाण्याच्या या उचलीचे मोल अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया प्रांताच्या ऑस्टिन गावाने फार मोठे दिले. तेथे एका कागद गिरणीसाठी १९०९ साली सुमारे पन्नास फूट उंचीचे काँक्रीटचे धरण बांधले. धरण म्हणजे पाण्याला अडविणारी संरक्षक भिंतच. तिचाही पाया आडव्या रेट्याखाली असतो. त्याखालचा खडक वालुकाश्म आणि मऊ शेल यांच्या आडव्या थरांचा होता, आणि पाणी पायाखालून जाऊ नये म्हणून खोलवर अडसर घातलेला नव्हता. जानेवारी १९१० मध्ये पाऊस व वितळलेले बर्फ यांनी धरण भरताच त्याचा मधला भाग तळाशी सुमारे दीड फूट पुढे सरकला. पाणी सोडून देऊन धरण त्या वेळी वाचविले गेले. परंतु पुरेशी दुरुस्ती न करता ते पुन्हा भरले. ३० सप्टेंबर १९११ रोजी ते फुटले आणि ७८ माणसे मृत्युमुखी पडली. दीड फुटांचे ते सरकणे ही वीस महिने आधी मिळालेली सूचना होती.

आता तीच साडेसात टनांची भिंत मुरमावरून उचलून मऊ, ओल्या चिकणमातीवर ठेवू. भरावात पाणी नाही असे धरू, म्हणजे रेटा पुन्हा २.७ टन. या मातीचे आसंजन चौरस मीटरास दोन टन आहे. भिंतीचा तळ दीड मीटर रुंद, म्हणून प्रतिकार तीन टन, असे कोणी सांगेल, आणि भिंत कशीबशी तरली असे म्हणेल. येथे एक सूक्ष्म चूक आहे. मागचा रेटा भिंतीस पुढे ढकलतो तसाच पुढे लोटतोही. तळावरचा भार त्यामुळे मध्यावर न राहता पुढच्या कडेकडे जातो. आमच्या भिंतीत तो त्या कडेपासून केवळ ५८.५ सेंटीमीटरवर येतो. मागची कडा हलकी होते व मातीशी तिची गाठ सैल पडते. म्हणून हा भार जिच्या बरोबर मध्यावर येतो तेवढीच पट्टी कामाची समजावी, असा नियम आहे : ५८.५ ची दुप्पट, म्हणजे १.१७ मीटर. तिला दोनने गुणिले की प्रतिकार २.३ टन. रेटा २.७. भिंत सरकणार.

अशा वेळी घरोघरचा उपाय ठरलेला असतो : "वर आणखी दगड रचा, भिंत जड करा." मुरमावर हा सल्ला योग्य होता, तेथे माथ्यावर दोन टन चढविले असते तर प्रतिकार १.१ टनाने वाढला असता. चिकणमातीवर दोन टनांनी त्या मानाने थोडेच पदरात पडते, उलट पाया रुतण्याची भीती वाढते. ज्या विटेच्या प्रयोगाने आपण आरंभ केला, तिचीच ही मोठी आवृत्ती आहे.

मग करावे काय? पाया रुंद करावा, आणि तो पुढे नव्हे तर मागे, भरावाच्या पोटात. तळाशी लोखंडी सळ्या घातलेला काँक्रीटचा पाट एक मीटर मागे नेला, तर रुंदी अडीच मीटर होते. त्या पाटावर तीन मीटर उंचीचा मुरूम आयताच उभा राहतो. त्याचे वजन ५.४ टन. हे वजन मागच्या बाजूस असल्याने भार पुन्हा तळाच्या मध्याकडे ओढला जातो आणि कामाची पट्टी १.१७ वरून सुमारे २.३५ मीटर होते. आसंजन ४.७ टन, म्हणजे रेट्याच्या पावणेदोनपट. जो मुरूम भिंतीस ढकलत होता, त्याचाच काही भाग तिच्या पायावर बसून तिला धरून ठेवतो, ही यातील गंमत मला दर वेळी नव्याने वाटते. पाटात सळ्या मात्र हव्यातच. नुसता दगडी पाट त्या वजनाखाली मोडेल.

दुसरा उपाय मऊ माती काढून तेथे मुरूम कुटण्याचा. तो चांगला आहे, पण अर्धवट केला तर फसवा ठरतो. पाया आणि मुरूम यांमध्ये आता घर्षण उत्तम झाले; परंतु त्या मुरमाच्या खाली चिकणमाती तशीच आहे. वीतभर मुरूम घातला, तर भिंत मुरमासकट चिकणमातीवरून सरकेल. सरकणारी पातळी नेहमी सर्वांत दुबळी जागा शोधते. पायाच्या तळास खाली दात काढला, तरी ती त्या दाताच्या टोकाखालून जाते. म्हणून दात असा खोल असावा की त्याचे टोक चांगल्या मातीत पोहोचेल. ही दुबळी जागा कित्येकदा आपणच निर्माण करतो. पायाचा चर खणून ठेवला, रात्री पाऊस पडला, तळाशी बोटभर राबडी साचली, आणि सकाळी तिच्यावरच काँक्रीट ओतले. किंवा ओल येऊ नये म्हणून खाली गुळगुळीत प्लास्टिकचा कागद अंथरला. मुरूम कितीही उत्तम असो, भिंत त्या बोटभर चिखलावर किंवा त्या कागदावर उभी असते. चराचा तळ खरवडून, कोरडा व खडबडीत करून त्याच दिवशी काँक्रीट घालणे यास एक दिवसाची मजुरी लागते.

कोणी विचारील की पायाच्या पुढे जी माती आहे ती नाही का अडवीत? अडविते, पण तिच्यावर भिस्त ठेवू नये. तळाचे घर्षण काही मिलिमीटर हालचालीतच पुरे जागे होते. पुढची माती पुरती दाबली जाण्यास त्याहून पुष्कळ अधिक सरकावे लागते. शिवाय ती माती आपल्या हाती राहत नाही. आज तेथे बाग आहे, उद्या नळासाठी कोणी चर खणतो. आपल्याकडील काळ्या मातीची तऱ्हा तर निराळीच. पावसाळ्यात ती फुगून मऊ होते आणि वैशाखात आकसून तिला हात-हात खोल भेगा पडतात. पायाच्या पुढे भेग पडली की तेथे आधार म्हणून काही उरत नाही. तिच्या आसंजनाचा आकडाही याच कारणाने भिजलेल्या मातीचा घ्यावा. उन्हाळ्यात दगडासारख्या झालेल्या ढेकळावरून नव्हे. काळ्या मातीचा थर पुरा काढून पाया खालच्या मुरमावर न्यावा, ही आपल्या जुन्या गवंड्यांची रीत या दृष्टीने अगदी बरोबर आहे.

आपल्या घराजवळ अशी भिंत असेल तर ती सरकत आहे की नाही हे कळण्यास मोठी साधने लागत नाहीत. वरच्या जमिनीत भिंतीस समांतर चीर पडते. पायथ्याशी, भिंतीच्या पुढे, माती फुगून वर येते किंवा फरशी उचलली जाते. लांब भिंतीत जेथे सांधा असतो, तेथे एक भाग दुसऱ्याच्या पुढे आलेला दिसतो; सांध्यावर पेन्सिलीने एक आडवी रेघ मारून तारीख घालून ठेवावी, दोन महिन्यांनी तिची दोन टोके किती सरकली ते मोजावे. ओळंबा झुकला तर भिंत उलटत आहे किंवा तिचा पाया पुढच्या बाजूस रुतत आहे. या खुणा आहेत आणि ओळंबा सरळ आहे, तर ती सरकत आहे.

परिचितांच्या भिंतीचे काय झाले ते सांगावयाचे राहिले. भिंतीची पुढची बाजू पाहिली तेव्हा पाण्याचे एकही भोक सापडेना. गवंडी आठवून म्हणाला, मागील दिवाळीपूर्वी गिलावा करताना "ती भोके वाईट दिसतात" म्हणून घरातूनच सांगणे झाले होते. मुलांना त्या दिवसापासून दुसऱ्या वाटेने पाठविले. पहिले भोक पहारेने मोकळे केले तेव्हा मनगटाएवढी धार बाहेर आली आणि ती दुपारपर्यंत चालू होती. अशी नऊ भोके उघडली, वरच्या चिरेत पाणी शिरू नये म्हणून ती चिकणमातीने बुजविली, आणि सांध्यावर रेघ मारली. पावसाळा संपेपर्यंत रेघ जागची हलली नाही. पुढच्या उन्हाळ्यात मागचा भराव उकरून तळाचा पाट मागे वाढविला, तेव्हाच मुले जुन्या वाटेने शाळेस येऊ लागली.